चौदा ऑगस्टचा तिसरा तास

सातवी ब. तिसरा तास गणिताचा. तारीख १४ ऑगस्ट, त्यामुळे मैदानावर सकाळपासून लेझीम घुमत होतं आणि वर्गात कुणाचंच लक्ष नव्हतं. सरांनी मृणालला फळ्यावर लसावि काढायला बोलावलं. ती उठून पुढे गेली आणि मागच्या बाकावरच्या करुणाला तिच्या फिक्या निळ्या स्कर्टवर एक डाग दिसला. रुपयाएवढा. लालभडक नव्हता, तपकिरी होता, चहा सांडल्यासारखा.

मृणालला याचा पत्ताच नव्हता. ओटीपोटात सकाळपासून जड वाटत होतं, ते तिनं आदल्या संध्याकाळच्या पाणीपुरीवर ढकललं होतं.

करुणा काही तिची मैत्रीण नव्हती. एक पहिल्या पाचात येणारी, दुसरी मागे बसून वहीच्या शेवटच्या पानावर मेंदी काढणारी. वर्षभरात दोघींचं बोलणं झालं असेल ते ‘पट्टी दे’ आणि ‘घे’ एवढंच. पण मृणाल फळ्यावर १८ आणि २४ चे अवयव पाडत होती तेवढ्यात करुणानं आपली पाण्याची बाटली उघडली, पुढे वाकली आणि मृणालच्या बसायच्या जागेवर पाऊण बाटली पाणी ओतून ठेवलं. मृणाल परत आली, बसली आणि ‘ई!’ करून उठली.

“सर, माझी बाटली कलंडली. हिचा सगळा स्कर्ट भिजला. आम्ही दोघी जाऊन येऊ?”

सरांनी मान हलवली. मागून कुणीतरी हसलं, पण ते भिजलेल्या स्कर्टला हसलं. भिजल्यावर कपडा एकसारखा गडद होतो, त्यात तो तपकिरी डाग मिसळून गेला होता. करुणा मृणालच्या अगदी पाठीला लागून दारापर्यंत चालत गेली.

ही गोष्ट मी रचलेली आहे. शाळेत विज्ञान शिकवताना गेल्या काही वर्षांत मुलींकडून जे ऐकलं, त्याचे तुकडे जोडून मृणाल आणि करुणा तयार झाल्या. रचायचं कारण असं की पाळीचा सविस्तर धडा दहावीच्या विज्ञानात येतो आणि बहुतेक मुलींना पाळी येते बाराव्या-तेराव्या वर्षी, म्हणजे सातवी-आठवीत. आकृतीला नावं देण्याची वेळ येते तोवर निम्म्या वर्गाच्या तीस-चाळीस पाळ्या होऊन गेलेल्या असतात. म्हणून ही गोष्ट मी सातवीलाच सांगते, मुलांनाही बसवून. सांगता सांगता थांबायचं, जे घडलं ते का घडलं ते बोलायचं आणि पुढे जायचं.

तर दोघी व्हरांड्यात आल्या.

“तुला पाळी आलीये,” करुणा म्हणाली. “लागलं-बिगलं काही नाहीये.”

“पाळीत रक्त येतं ना? मला कुठं रक्त आलंय?”

“हेच ते. माझं पण आधी असंच आलं होतं, चॉकलेटी.”

इथे पहिल्यांदा थांबू या, कारण हा रंग मुलींनाच काय, आयांनाही चकवतो. मुलीनं मनाशी रक्ताचं चित्र धरलेलं असतं ते गुडघा फुटल्यावरचं, लाल आणि वाहणारं. पहिल्या पाळीत बरेचदा रक्त थोडंच असतं आणि संथपणे उतरतं. गर्भाशयातून बाहेर पडेपर्यंत त्याला वेळ लागतो, त्या वेळात हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध येऊन ते काळसर तपकिरी होतं. कापलेलं सफरचंद ताटलीत ठेवल्यावर तपकिरी पडतं तसाच साधारण प्रकार. चड्डीवर असा डाग बघून कित्येक मुलींना वाटतं की आपल्याला शी लागलीये, आणि त्या लाजेनं कुणाला सांगत नाहीत. दोन दिवस गुपचूप चड्डी धुणारी मुलगी मला ठाऊक आहे. पुढे प्रवाह वाढला की रंग लाल होतो, शेवटच्या दिवशी पुन्हा तपकिरी. हे ‘अशुद्ध रक्त’ नाही. बोट कापल्यावर येतं तेच हे रक्त, त्यात गर्भाशयाच्या अस्तराचे बारीक तुकडे आणि थोडा चिकट स्राव मिसळलेला.

अस्तर हा शब्द मुलींना लगेच कळतो, कारण ब्लाउजला, जाकिटाला अस्तर असतंच. गर्भाशय ही मुठीएवढी स्नायूंची पिशवी, तिला आतून एक मऊ अस्तर. मुलगी आठ-दहा वर्षांची होईपर्यंत ते अगदी पातळ असतं. मग मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी कामाला लागते आणि बीजांडकोशांना निरोप पाठवायला सुरुवात करते. बीजांडकोश इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक तयार करतात. इस्ट्रोजेनमुळे छातीची वाढ सुरू होते, उंची झपाट्यानं वाढते आणि गर्भाशयाचं अस्तर जाड होऊ लागतं. एक दिवस इस्ट्रोजेन खाली घसरतं, अस्तराला आधार उरत नाही आणि ते सुटून बाहेर पडतं. ती पहिली पाळी.

आता यातली एक गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या चित्रात नसते. चित्रात महिन्याच्या मध्यावर बीजांड बाहेर पडतं, त्याच्या मागे उरलेल्या पेशी प्रोजेस्टेरॉन तयार करतात, सुमारे दोन आठवड्यांनी ते संपतं आणि पाळी येते. हे झालं मुरलेल्या यंत्रणेचं वेळापत्रक. सुरुवातीच्या बहुतेक पाळ्यांत बीजांड बाहेर पडतच नाही. मेंदू आणि बीजांडकोश यांचं सूर जुळवणं चालू असतं, तबला लावताना होतं तसं. बीजांड नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन नाही, आणि प्रोजेस्टेरॉन नाही म्हणून अस्तर कधी पडायचं याची तारीख ठरवणारं कुणी नाही. ते वाढत राहतं, जमेल तेव्हा पडतं. कधी तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी. करुणाला हे माहीत असायचं कारण नव्हतं, पण तिच्या अनुभवातून तिला त्याचा अर्धा भाग कळला होता. तो पुढे उपयोगी पडणार होता.

मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी निघालेली होती. करुणानं मृणालला आत पाठवलं आणि दाराला बाहेरून पाठ लावून उभी राहिली. त्याआधी तिनं स्कर्टच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं पॅड काढून दिलं. बाटली उघडायच्या आधीच तिनं ते दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून खिशात टाकलं होतं. तिच्याकडे तेवढं एकच होतं. तिच्या घरी कापड वापरतात, पॅड फक्त शाळेपुरतं.

आतून आवाज आला, “हे कसं लावायचं?”

“मागचा कागद काढ. चिकट बाजू खाली, चड्डीला. अंगाला नाही.”

हसू नका. पॅड उलटं लावणाऱ्या, चिकट बाजू कातडीला लावून घेणाऱ्या मुली दर वर्षी असतात, कारण जाहिरातीत निळं पाणी दाखवतात आणि चड्डी कधीच दाखवत नाहीत. करुणानं दाराआडून तीन वाक्यांत सगळं सांगितलं. लांब कागद काढून पॅड चड्डीच्या मधोमध दाबून बसवायचं. रुंद बाजू असेल ती मागे. दोन्हीकडचे पंख असतात त्यांचा कागद काढून ते चड्डीच्या खालच्या बाजूनं दुमडायचे, म्हणजे पॅड सरकत नाही. हात आधी धुवायचे आणि नंतरही. ‘आधी’ हे लोक विसरतात.

पॅडच्या आत काय असतं, हे मी वर्गात कात्रीनं कापून दाखवते. वरचा थर सच्छिद्र, ओलं खाली जाऊ देणारा. त्याखाली कापसासारखा दिसणारा लाकडाचा लगदा. त्यात साखरेसारखे बारीक कण असतात, ते पाणी पडलं की फुगून जेली होतात. बाळाच्या डायपरमध्ये असतात तेच. सगळ्यात खाली प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. पेलाभर पाणी ओतलं की वर्ग ‘ओ’ करतो आणि मग एक मुलगी हमखास विचारते, एवढं मावतं तर दिवसभर एकच का नाही वापरायचं? कारण प्रश्न मावण्याचा नाही. ओलसर, उबदार आणि हवा न लागणारी जागा जंतूंना फार आवडते. कातडी लाल होते, खाजते, वास येतो. म्हणून डाग थोडा दिसला तरी चार ते सहा तासांनी पॅड बदलायचं. सकाळी साडेसहाला घरून निघालेल्या मुलीनं निदान एकदा तरी शाळेत बदललं पाहिजे. तिथे कडी नाही, पाणी नाही, डबा नाही अशी अवस्था असली की मुली बदलायचं टाळतात, आणि त्याहून वाईट म्हणजे दिवसभर पाणीच पीत नाहीत. लघवीची जळजळ घेऊन घरी जातात आणि दोष पाळीला लागतो.

कापड वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. सुती, स्वच्छ धुतलेलं आणि कडक उन्हात वाळवलेलं कापड चांगलं काम देतं. गोची वाळवण्यात आहे. ते साडीखाली, मोरीच्या कोपऱ्यात, कुणाला दिसू नये म्हणून सावलीत वाळत घालतात. तिथे ते पुरतं वाळत नाही आणि दमट कापड पुन्हा वापरलं जातं. पैशांचं म्हणाल, तर जनऔषधी केंद्रात पॅड १ रुपयाला एक मिळतं. औषधांच्या दुकानात ते वर्तमानपत्रात आणि वर काळ्या पिशवीत गुंडाळून देतात, जणू बापलेकींनी मिळून चोरी केलीये.

मृणाल बाहेर आली. करुणानं तिला नळाकडे नेलं, स्कर्ट गोल फिरवून डाग बाजूला आणला आणि तेवढाच भाग गार पाण्याखाली धरून चोळला. गार पाणी, हे महत्त्वाचं. रक्तात प्रथिनं असतात. अंड्याचा पांढरा भाग तापला की जसा घट्ट होतो, तशी ती गरम पाण्यात घट्ट होऊन धाग्याला धरून बसतात. मग तो डाग जन्माचा. घरी गरम पाणी आणि पावडर घेऊन बसणाऱ्या सगळ्यांना हे सांगायला हवं. वाळलेला डाग असेल तर गार पाण्यात मीठ टाकून कपडा भिजत ठेवावा, नंतर साबण.

“किती रक्त जाईल?” मृणालनं विचारलं. तिचा आवाज आता रडवेला झाला होता. “सगळं नाही ना जाणार?”

करुणाला याचं उत्तर येत नव्हतं. ती म्हणाली, “माझं गेलं का?”

खरं उत्तर चमच्यानं मोजू. चार-पाच दिवसांच्या एका पाळीत मिळून साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. पोह्यांच्या चमच्यानं सहा ते आठ चमचे. कपड्यावर पसरतं, पाण्यात मिसळतं, म्हणून डोळ्याला ते वाटीभर वाटतं. ८० मिलिलिटरच्या पुढे गेलं, म्हणजे साधारण कटिंग चहाच्या ग्लासाएवढं, की डॉक्टर त्याला जास्त म्हणतात. आता घरात कोण मोजतं? म्हणून खूण वेगळी ठेवायची. पॅड एका-दोन तासांत पूर्ण भिजतंय आणि असं तासन् तास चाललंय, सात दिवसांच्या वर रक्त जातंय, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडताहेत, चक्कर येतेय, यातलं काहीही असलं तर ‘पहिली पहिली पाळी आहे, होतं असं’ म्हणत थांबायचं नाही. काही मुलींमध्ये रक्त गोठण्याचा जन्मजात दोष असतो आणि तो पहिल्यांदा उघडा पडतो तो पाळीतच. तिचा घोळणा वरचेवर फुटतो का, दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का, हे आईनं आठवून डॉक्टरांना सांगितलं तर अर्धं निदान तिथेच होतं.

शिवाय आपल्याकडच्या मुली मुळातच रक्तानं कमी. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली खिडकीबाहेर फेकतात, कारण उपाशीपोटी घेतली की मळमळतं. ती डबा खाल्ल्यावर घ्यायची, एवढं सांगितलं तरी फरक पडतो.

वर्गात परत जाताना करुणानं मृणालच्या हातात पॅडचा कागद आणि वेष्टन दिलं, “घरी टाक.” संडासात काही टाकायचं नाही हे तिला ठाऊक होतं. वापरलेलं पॅड पाण्यात फुगतं आणि पाइप तुंबतो. वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात द्यायचं. पुण्यात कचरावेचक महिलांनी एक साधी विनंती केली होती, की त्या पुडीवर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला उघडून बघावं लागणार नाही. मला ही विनंती वर्गात सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण पुडी उघडणाराही कुणी असतो हे मुलांच्या डोक्यातच आलेलं नसतं.

सगळं मिळून पंधरा मिनिटं. करुणानं मृणालला ‘आता तू मोठी झालीस’ वगैरे काहीही सांगितलं नाही, आणि माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं शहाणपण तेच. त्या पंधरा मिनिटांत मुलीला फक्त तीन गोष्टी हव्या असतात. मला इजा झालेली नाही. हे काही दिवसांत थांबेल. आणि हे पॅड घे. मोठं होण्याचं भाषण आठवडाभरानं केलं तरी चालतं.

घरी आल्यावर आईनं मिठीत घेतलं. आजी खाटेवरून म्हणाली, “कावळा शिवला का पोरीला?” आजीच्या माहेरी न्हाण आलेल्या पोरीला मखरात बसवायचे, ओटी भरायचे आणि वर्षा-दोन वर्षांत सासरी धाडायचे. शाळा तिथेच संपायची. आजी हे सांगताना हसत होती. मृणालला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आईला मात्र एक गोष्ट खटकली. आपल्याला आधी कळायला हवं होतं. आणि ते खरंच कळलं असतं. शरीर पाळीची सूचना बरंच आधी देतं. छातीत गाठीसारखं दुखरं काही लागतं, त्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी पाळी येते. मृणालला ते पाचवीत जाणवलं होतं. मग उंची एकदम वाढते. सहावीत तिचा गणवेश एका वर्षात आखूड झाला होता. आणि पाळीच्या सहा महिने ते वर्षभर आधी चड्डीवर पांढरट, चिकट स्राव दिसू लागतो. मृणालच्या आईनं तो पाहिला होता आणि ‘हिला पांढरं जातंय, उष्णता झाली’ म्हणून सब्जाचं पाणी दिलं होतं. तो आजार नव्हता. खाज नाही, घाण वास नाही, हिरवा-पिवळा रंग नाही, तर तो स्राव म्हणजे इस्ट्रोजेन कामाला लागल्याची पावती. तो दिसला की दप्तरात एक पॅड आणि एक जादा चड्डी ठेवून द्यायची. करुणाच्या दप्तरात होतं ते एवढंच.

(पाळी आली की उंची थांबते, असं म्हणतात. थांबत नाही, मंदावते. पुढच्या दोनेक वर्षांत आणखी पाच-सात सेंटिमीटर तरी बहुतेक मुली वाढतात. मृणाल लेझीम पथकात टोकाला उभी राहते, तिला याची काळजी होती.)

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, आणि लेझीमचा गणवेश पांढरा सलवार-कुर्ता. आई म्हणाली, राहू दे, मी चिठ्ठी देते. मृणालनं संध्याकाळी करुणाला फोन केला. तिचा नंबर वर्गाच्या यादीतून शोधावा लागला. करुणा म्हणाली, “आतून काळी स्लॅक्स घाल. लांबडं पॅड लाव. निघताना बदल.” मृणाल गेली. दुसरा दिवस बरेचदा जास्त रक्ताचा असतो, पण नाचल्यानं, पळाल्यानं गर्भाशयातून जास्त रक्त पडत नाही. आत साठलेलं तेवढं हालचालीनं एकदम उतरतं, म्हणून तसं वाटतं. तिच्या पोटात फार दुखलंही नाही. यालाही कारण आहे. पेटके आणणारी द्रव्यं अस्तरातूनच सुटतात, आणि बीजांड बाहेर पडून गेलेलं असेल तेव्हा ती जास्त तयार होतात. त्यामुळे पहिल्या काही पाळ्या बिनदुखीच्या आणि वर्षा-दोन वर्षांनी दुखायला लागलं, असा उलटा वाटणारा क्रम पुष्कळ मुलींत दिसतो. तेव्हा ‘आधी नव्हतं, आता काय झालं’ म्हणून घाबरायचं नाही. गरम पाण्याची पिशवी उपयोगी पडते. शाळा बुडावी इतकं दर महिन्याला दुखत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायचं, कारण त्यावर चांगली औषधं आहेत आणि ती घेतल्यानं पुढे मूल होत नाही ही नुसती अफवा आहे.

रक्त चार दिवसांनी थांबलं, १७ ऑगस्टला. आईनं स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे दुधाचे खाडे आणि सिलिंडर लागल्याच्या तारखा लिहिलेल्या असतात, तिथे १७ च्या चौकोनात पेन्सिलीनं ठिपका काढला. चुकलं. मोजायचं असतं ते रक्त सुरू झालं त्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत. शेवटच्या दिवसापासून मोजलं की दर वेळी चार-पाच दिवसांचा घोळ होतो आणि पाळी ‘लवकर आली’ असं वाटत राहतं. शेजारच्या नर्सबाईंनी सांगितल्यावर ठिपका १४ वर गेला.

अठ्ठावीस दिवस ११ सप्टेंबरला भरले. काही नाही. २० सप्टेंबर, काही नाही. आजीनं पपई आणि ओवा-गूळ सुचवला. आई गप्प झाली, आणि मृणालला वाटू लागलं की आपलं काहीतरी बिघडलंय. मधल्या सुट्टीत तिनं करुणाला विचारलं. करुणा डबा खात होती, मान वर न करता म्हणाली, “माझी दुसरी अडीच महिन्यांनी आली होती.”

ती आली ५ ऑक्टोबरला. ऑगस्टचे उरलेले १७ दिवस, सप्टेंबरचे ३० आणि ऑक्टोबरचे ५, एकूण ५२. सुरुवातीच्या वर्षांत २१ ते ४५ दिवसांचं अंतर नेहमीचं समजतात. ५२ त्याच्या थोडं बाहेर, पण पहिल्या वर्षात असं होतं, कारण वर सांगितलेलं तारीख ठरवणारं प्रोजेस्टेरॉन अजून कामावर रुजू झालेलं नसतं. पाळी ९० दिवसांच्या वर गेली तर डॉक्टरांना विचारायचं. आणि सगळ्याच बाबतीत वाट बघायची नसते. आठ वर्षांच्या आत छातीची वाढ दिसली, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आलीच नाही, तर जायचं.

त्यापुढची १२ नोव्हेंबरला आली, ३८ दिवसांनी. मग १५ डिसेंबर, ३३ दिवसांनी. अंतर आपोआप आखडत चाललं होतं, पपईचा त्यात काही हात नव्हता.

पहिले तीन ठिपके आईनं पेन्सिलीनं काढले होते, इतके बारीक की बघणाऱ्याला कागदावरचा डाग वाटावा. धाकट्या भावानं एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, गॅसवाल्याचं आहे. डिसेंबरचा ठिपका मृणालनं स्वतः काढला, ‘दूध नाही’ च्या शेजारी, निळ्या पेननं. भावानं पुन्हा विचारलं. “माझी पाळी,” ती म्हणाली आणि त्याच्या हातातलं शेवटचं बिस्किट काढून घेतलं.